एसआयपीचा अर्ज, पावसाळ्यातले तीन हप्ते आणि सरासरीचा हिशेब

"दादा, एसआयपीत टक्के किती मिळतात?" म्हापशातल्या माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. एसआयपीला टक्के नसतात. ती ठेव नाही, स्वतंत्र योजनाही नाही. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला तुमच्या खात्यातून ठरावीक रक्कम काढून अमुक म्युच्युअल फंड योजनेत घालावी, अशी ती कायमची सूचना आहे. त्या रकमेला त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, युनिट्स मिळतात. पैसे वाढतील की घटतील हे योजनेतल्या शेअर-रोख्यांवर ठरतं, सूचनेवर नाही. (मी वितरक आहे, रेग्युलर योजनेतून मला कमिशन मिळतं. ज्यांना स्वतः करता येतं त्यांनी मधे वितरक नसलेली डायरेक्ट योजना घ्यावी, खर्च कमी लागतो.)

पात्रतेत फारसं काही नाही. पॅन, केवायसी आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं असलं की झालं. मुलाच्या नावाने पालक करू शकतात. जहाजावर किंवा आखातात कामाला असलेले अनिवासीही करू शकतात, मात्र त्यांनी एनआरई किंवा एनआरओ खातं वापरायचं. घरचं जुनं साधं बचत खातं चालत नाही. नॉमिनी भरा, नको असेल तर 'नको' असं लिहून द्या. तो रकाना रिकामा सोडू नका.

अर्ज अडतात ते नावावर, आणि गोव्यात तर हमखास. पोर्तुगीज काळातल्या स्पेलिंगचा वारसा अजून घराघरांत आहे. आजोबांच्या कागदावर Naique, वडिलांच्या पॅनवर Naik. एकाचं Gauncar, त्याच्याच आधारवर Gaonkar. माणसाला हे एकच नाव वाटतं, संगणकाला दोन वाटतात. नाव, जन्मतारीख किंवा लिंग जुळलं नाही की पॅन-आधार जोडणी होत नाही. जोडणी नाही म्हणजे पॅन निष्क्रिय, आणि मग केवायसी अडू शकते. खिडकीवरचा माणूस एवढंच सांगतो, "केवायसीत प्रॉब्लेम आहे." कुठला प्रॉब्लेम, ते सांगायला त्याला वेळ नसतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी आधार आणि पॅन समोरासमोर ठेवून अक्षर-अक्षर वाचा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधार बरोबर असेल तर पॅनच त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मग जोडणी, मग केवायसी दुरुस्ती, शेवटी बँकेतलं नाव. उलट्या क्रमाने गेलात तर तेच कागद दोनदा द्यावे लागतात. केवायसी नोंदणी संस्थेच्या वेबसाइटवर पॅन टाकून स्थिती पाहता येते. 'व्हॅलिडेटेड' असेल तर कुठल्याही फंड हाऊसकडे, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीकडे, चालतं. 'रजिस्टर्ड' असेल तर जिथे आधीच पैसे आहेत तिथे चालतं, नव्या ठिकाणी पुन्हा कागद द्यावे लागतात. बहुतेकांना हा फरक दुसरी एसआयपी फेटाळली गेल्यावरच कळतो.

दुसरी अडचण बँक खात्याची. बायकोच्या नावाची एसआयपी नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यातून चालत नाही, ते तिऱ्हाइताचे पैसे धरले जातात. संयुक्त खातं असून त्यात तिचं नाव असेल तर चालतं. काही लहान सहकारी बँकांत ऑनलाइन मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी, होत नाही, त्यामुळे अर्ज भरण्याआधी बँकेत विचारून घ्या. मँडेटवरची 'कमाल रक्कम' पाहून मात्र घाबरू नका. तिथे २५,००० लिहिलं म्हणून दरमहा २५,००० जात नाहीत, हप्ता ३,००० चा असेल तर ३,००० च जातात. स्टेटमेंटवर २,९९९.८५ दिसले तर उरलेले पंधरा पैसे मुद्रांक शुल्काचे असतात. त्या पंधरा पैशांसाठीही लोक फोन करतात.

आता पावसाळा. पेडण्याचा एक टॅक्सीवाला माझ्याकडे ऑक्टोबरात पासबुक घेऊन आला. त्याने हंगाम जोरात असताना, जानेवारीत, ३,००० ची एसआयपी सुरू केली होती, तारीख ५. जून, जुलै, ऑगस्ट या तिन्ही महिन्यांच्या ५ तारखेला खात्यात पैसे नव्हते. पासबुकात तीन ठिकाणी बँकेने मँडेट परतल्याचा आकार कापलेला, वर जीएसटी. फंड हाऊस दंड घेत नाही, बँक घेते. आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते हुकले की ती रद्द होते. त्याला वाटत होतं, पैसे आले की आपोआप पुन्हा सुरू होईल. मेसेज आला होता, पण इंग्रजीत, जाहिरातींच्या गर्दीत.

मासेमारीबंदी, पर्यटकांचा ओसरता हंगाम, बंद शॅक, हे सगळं नेमकं याच तीन महिन्यांत येतं. म्हणून ज्यांची कमाई हंगामी आहे त्यांनी बाराही महिने झेपेल एवढाच हप्ता ठेवावा आणि हंगामात वरची रक्कम वेगळी टाकावी. नाहीतर मे महिन्यातच 'पॉज' मागावा. बहुतेक फंड हाऊसेस काही महिने थांबू देतात, पण अर्ज हप्त्याच्या तारखेच्या बरेच दिवस आधी लागतो. ४ जूनला आलात तर ५ तारखेचा हप्ता कोणी थांबवू शकत नाही.

त्या टॅक्सीवाल्याला खरं दुःख दंडाचं नव्हतं. "भाव पडला होता म्हणतात, तेव्हाच माझे हप्ते चुकले. सरासरी गेली ना माझी?" त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. ही सरासरी म्हणजे काय, ते मी त्याला पासबुकाच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं.

समजा दरमहा ३,००० रुपये, सहा महिने. एनएव्ही असे: ३०, ४०, ४०, ५०, ५०, ६०. भाव ३० असताना १०० युनिट्स मिळतात, ४० ला ७५, ५० ला ६०, ६० ला ५०. एकूण ४२० युनिट्स, घातले १८,०००. एका युनिटची सरासरी खरेदी ४२ रुपये ८६ पैसे. सहा भावांची साधी सरासरी मात्र ४५. स्वस्त असताना जास्त युनिट्स आणि महाग असताना कमी युनिट्स घेतल्यामुळे तुमची सरासरी भावांच्या सरासरीखाली राहते. भाव हलले की हे होणारच, ते निव्वळ अंकगणित आहे. रुपी कॉस्ट अ‍ॅव्हरेजिंगचा एवढाच शब्द पक्का आहे.

आता तेच सहा भाव उलटे मांडा: ६०, ५०, ५०, ४०, ४०, ३०. युनिट्स तेवढेच, ४२०. सरासरी खरेदी तीच, ४२.८६. साधी सरासरी तीच, ४५. पहिल्या क्रमात शेवटच्या दिवशी भाव ६० होता, म्हणून किंमत २५,२०० झाली. दुसऱ्यात शेवटी भाव ३०, म्हणून किंमत १२,६००. म्हणजे ५,४०० चं नुकसान, आणि तेही सरासरीने आपलं काम चोख केलेलं असताना. एक रुपयाची चूक कुणाची नाही. विकता त्या दिवशीच्या भावावर सरासरीचा काही ताबा नसतो.

पहिल्या क्रमात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. भाव सारखा चढतच असेल आणि पहिल्याच दिवशी तुमच्याकडे १८,००० रोख असतील, तर ३० च्या भावाने ६०० युनिट्स आले असते आणि शेवटी त्यांचे ३६,००० झाले असते. एसआयपीने २५,२०० दिले. चढत्या बाजारात एकरकमी पुढे जाते, पडत्यात एसआयपी कमी मार खाते. ज्याच्याकडे एकरकमी नाहीच, महिन्याच्या महिन्याला उरतात तेवढेच आहेत, त्याच्यापुढे ही निवड येतच नाही. त्याची एसआयपी बाजार ओळखून घेतलेली चाल नसते, पगाराच्या किंवा कमाईच्या लयीत बसवलेला हप्ता असतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

सरासरीची ही मर्यादा काळाबरोबर वाढते, हे सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. सहाव्या महिन्यात नवा हप्ता घातलेल्या पैशांचा सहावा भाग असतो. दहा वर्षांनी तो एकशेविसावा. तोवर ३,६०,००० घालून झालेले असतात, आणि बाजार पडला तर तो सगळ्या साठ्यावर पडतो. पुढचा ३,००० चा हप्ता स्वस्तात मिळाला तरी सरासरी जेमतेम हलते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला, जानेवारीत तो ४२,००० च्या आसपास होता. तेव्हा नव्याने सुरू केलेल्यांना ही पडझड पथ्यावर पडली. ज्यांचे पैसे त्याच जूनच्या फीसाठी होते, त्यांना सरासरी काही वाचवू शकली नाही.

म्हणून टॅक्सीवाल्याला मी विचारलं, "हे पैसे कधी लागणार?" मुलगी नववीत होती. बारावीनंतरची फी. म्हणजे तारीख ठरलेली. त्याची एसआयपी १,५०० ची केली, तारीख १०, आणि पावसाळ्याचे पॉजचे अर्ज कधी द्यायचे ते टॅक्सीच्या कॅलेंडरवर त्याने स्वतः लिहिलं. मुलगी अकरावीत गेली की साठा टप्प्याटप्प्याने इक्विटीतून काढून कमी हलणाऱ्या ठिकाणी न्यायचा, असं ठरलं.

तिथेही एक तारीख लोक चुकीची वाचतात. "वर्ष झालं, आता एक्झिट लोड नाही", म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार लागणार नाही, असं म्हणून येतात. वर्ष झालेलं असतं ते पहिल्या हप्त्याचं. प्रत्येक हप्त्याचं घड्याळ वेगळं चालतं. बारा हप्त्यांपैकी शेवटच्याला वर्ष व्हायला अजून अकरा महिने असतात, आणि इक्विटीवरचा दीर्घ मुदतीचा करही हप्तागणिक मोजला जातो. करबचतीच्या ईएलएसएस योजनेत तर तीन वर्षांचं कुलूप प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ असे बारा हप्ते भरलेल्याचा पहिला हप्ता एप्रिल २०२५ ला सुटला, शेवटचा मार्च २०२६ ला. टॅक्सीवाल्याच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर आम्ही जानेवारी ते मे अशा त्याच्या जुन्या पाच हप्त्यांच्या तारखाही लिहून ठेवल्या. एसआयपी रद्द झाली असली तरी ते युनिट्स त्याच्याच नावावर आहेत.