पावसाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणी कमी थंड का होते?
वेट बल्ब तापमानाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दरवर्षी जून संपत आला की आमच्या दुरुस्ती विभागाकडे एकाच प्रकारची तक्रार येऊ लागते. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात उत्तम चालणारा टॉवर, पाऊस पडून हवा गार झाल्यावर मात्र पाणी पूर्वीइतके थंड करीत नाही, असे ग्राहक सांगतात आणि पंख्यात किंवा मोटरमध्ये काहीतरी बिघाड झाला असावा, असा त्यांचा समज झालेला असतो. बहुतेक वेळा टॉवर पूर्णपणे सुस्थितीत असतो. तो नेमके काय करू शकतो आणि कोणत्या मर्यादेपुढे जाऊ शकत नाही, हे एकदा समजून घेतले की ही तक्रार आपली आपणच तपासता येते. त्यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे.

घरातला माठ हेच तत्त्व वापरतो. वैशाखात गार पाणी देणारा माठ श्रावणात नुसता ओलसर राहतो आणि त्यातले पाणी जवळपास खोलीच्या तापमानाचे असते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. माठ बिघडलेला नसतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यामुळे त्याच्या अंगावरचे पाणी उडून जात नाही. कूलिंग टॉवर हा पंखा लावलेला मोठा माठच होय.

मर्यादा कोठे येते

टॉवरमध्ये गरम पाणी वरून फवारले जाते आणि पीव्हीसीच्या नालीदार फिलवरून पातळ थराने खाली उतरते, तर पंखा खालच्या लुव्हरमधून हवा ओढून वर नेतो. उतरणाऱ्या पाण्याचा थोडासा भाग बाष्प होऊन हवेत जातो. एक किलो पाण्याचे बाष्प होण्यासाठी सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती मुख्यतः उरलेल्या पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून उरलेले पाणी थंड होते. शेकडा एक भाग पाणी उडाले तर बाकीचे सुमारे सहा अंशांनी थंड होते, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही.

मग बाष्पीभवन चालूच ठेवले तर पाणी थंड होतच का जात नाही? याचे कारण असे की पाणी हवेपेक्षा थंड झाले की उलट दिशेचा व्यवहारही सुरू होतो: हवा पाण्याला उष्णता देऊ लागते. पाणी जसजसे थंड होते तसतसा बाष्पीभवनाचा वेग मंदावतो आणि हवेकडून येणारी उष्णता वाढत जाते. एका तापमानाला बाष्पाबरोबर जाणारी उष्णता आणि हवेतून येणारी उष्णता अगदी सारखी होते, आणि तेथे पाण्याचे थंड होणे थांबते. हेच वेट बल्ब तापमान. साध्या थर्मामीटरचा फुगा ओल्या मलमलीत गुंडाळून त्यावरून हवा खेळती ठेवली की तो जेथे स्थिरावतो, ते हे तापमान असते. कोरड्या थर्मामीटरवर दिसते ते ड्राय बल्ब तापमान. हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तर दोन्ही सारखी येतात आणि हवा जितकी कोरडी, तितका त्यांतील फरक मोठा असतो.

याचा अर्थ असा की टॉवरच्या दृष्टीने बाहेर किती उकडते आहे याला फारसे महत्त्व नाही. नागपूरला मे महिन्यात 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब 23 अंशांच्या आसपास येतो. मुंबईत जूनमध्ये 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल, तर तो 29 अंशांच्या आसपास येतो. अकरा अंशांनी अधिक तापलेल्या नागपुरात त्या दिवशी टॉवर मुंबईपेक्षा काही अंश थंड पाणी देऊ शकतो. नागपूरच्या घराघरांतला वाळ्याचा कूलर मुंबईत का चालत नाही, याचेही कारण हेच आहे.

एका टॉवरच्या दोन नोंदी

चाकण परिसरातील प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात, मशीनचे हायड्रॉलिक तेल थंड ठेवण्यासाठी बसवलेल्या टॉवरचे उदाहरण घेऊ. त्यातून ताशी 40 घनमीटर पाणी फिरते. ते पाच अंश थंड व्हायचे आहे, म्हणजे टॉवरवरचा भार ताशी 2,00,000 किलोकॅलरी आहे. टॉवरची निवड 25.5 अंश वेट बल्ब धरून केलेली आहे.

एप्रिलच्या एका दुपारी हवा 38 अंश आणि आर्द्रता 20 टक्के आहे. वेट बल्ब सुमारे 21.5 अंश. टॉवरमध्ये पाणी 32 अंशांनी येते आणि 27 अंशांनी बाहेर पडते. जुलैमधील एका पावसाळी दुपारी हवा 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के आहे. वेट बल्ब सुमारे 25.5 अंश. तेवढ्याच भारावर पाणी आता 34.5 अंशांनी येते आणि 29.5 अंशांनी बाहेर पडते. एप्रिलमध्ये पाणी हवेपेक्षा 11 अंश थंड होते, तर जुलैमध्ये ते हवेपेक्षा अडीच अंश गरम आहे. केवळ हवेच्या तापमानाकडे पाहणाऱ्याला टॉवर निकामी झाल्यासारखाच वाटेल.

आता याच आकड्यांकडे वेट बल्बच्या बाजूने पाहू. बाहेर पडणारे पाणी आणि वेट बल्ब यांतील अंतराला आमच्या व्यवसायात अ‍ॅप्रोच म्हणतात. ते एप्रिलमध्ये 5.5 अंश होते आणि जुलैमध्ये 4 अंश आहे. म्हणजे मर्यादेच्या जवळ जाण्यात टॉवर जुलैमध्येच सरस ठरतो आहे. यात विसंगती नाही. तापमान जितके जास्त, तितकी एका अंशाच्या फरकामागे हवेची बाष्प सामावण्याची क्षमता अधिक वाढते, त्यामुळे वेट बल्ब वर गेला की तोच टॉवर तोच भार कमी अंतरात काढू शकतो.

पाण्याच्या खर्चातही हा फरक दिसतो. सगळी उष्णता बाष्पीभवनानेच गेली असे मानले तर वरील भारासाठी ताशी सुमारे 345 लिटर पाणी उडते. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये गरम हवा स्वतःची उष्णता पाण्यात टाकते आणि तीही बाष्पावाटेच बाहेर काढावी लागते, म्हणून पाणी त्याहून जास्त लागते. जुलैमध्ये थोडी उष्णता हवा तापण्यातच निघून जाते, म्हणून कमी लागते. उन्हाळ्यात टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह सतत वाहताना दिसला तर गळतीचा संशय घेण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

मोठा टॉवर किंवा मोठी मोटर घेतली तर?

पाणी वेट बल्बच्या जितके जवळ न्यावे, तितका उरलेला प्रत्येक अंश महाग होत जातो, कारण पाणी आणि हवा यांतील ज्या फरकामुळे उष्णता वाहते तो फरकच संपत आलेला असतो. अंतर शून्य करायचे तर फिलचे क्षेत्रफळ अमर्याद लागेल. म्हणून साधारण 2.8 अंशांपेक्षा कमी अ‍ॅप्रोचची हमी टॉवर बनवणारे सहसा देत नाहीत, आणि आम्हीही देत नाही. मोटर बदलून हवा वाढवण्याचा मार्ग तर त्याहून खर्चिक आहे: पंख्याची हवा 20 टक्क्यांनी वाढवायची झाल्यास वीज सुमारे 73 टक्के जास्त लागते, आणि त्या बदल्यात पाण्याच्या तापमानात पडणारा फरक एखाद्या अंशापेक्षा फारसा मोठा नसतो. वरच्या उदाहरणातील कारखान्याने अशी मागणी केली, तर आम्ही मोटर विकण्याऐवजी ती घेऊ नका असेच सांगू.

साच्यासाठी वर्षभर 20 अंशांचे पाणी हवे असेल तर कोणताही टॉवर ते जुलैमध्ये देऊ शकणार नाही. त्या कामाला चिलरच लागतो. तेल टॉवरवर आणि साचे चिलरवर, अशी विभागणी केल्यास चिलर लहान लागतो.

खरा बिघाड कसा ओळखावा

तापमानाची तक्रार करण्यापूर्वी दोन आकडे वेगळे करावेत. येणारे आणि जाणारे पाणी यांतील फरक, म्हणजे रेंज, टॉवर ठरवीत नाही. ती मशीनचा भार आणि पाण्याचा प्रवाह यांवरून ठरते. रेंज पाचावरून आठावर गेली आणि भार तोच असेल, तर पंपाचा प्रवाह कमी झाला आहे आणि गाळणी किंवा व्हॉल्व्ह तपासावा. टॉवरची प्रकृती अ‍ॅप्रोचवरून कळते. ऋतू आणि भार सारखे असताना ते गेल्या वर्षी 4 अंश होते आणि आता 7 झाले असेल, तर दोष टॉवरकडे आहे.

असे झाल्यास प्रथम वरून पाणी कसे पडते ते पाहावे. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे नोझल बुजतात किंवा फिरता स्प्रिंकलर अडकतो, आणि फिलचा काही भाग कोरडाच राहतो. त्या कोरड्या भागातून जाणारी हवा काहीही काम न करता वर निघून जाते. फिलवर क्षारांचा पांढरा थर जमला असेल तर हवेचा मार्ग अरुंद होतो. उडून गेलेल्या पाण्यातील क्षार मागेच राहतात, म्हणून टाकीतील थोडे पाणी नियमित सोडून द्यावे लागते. क्षार मूळ पाण्याच्या चौपटीपर्यंत चालणार असतील, तर ताशी 345 लिटर पाणी उडत असताना सुमारे 115 लिटर सोडावे.

मात्र आमच्या पाहणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा दोष टॉवरमध्ये नसून त्याच्या जागेत असतो. जागा वाचवण्यासाठी टॉवर भिंतीला खेटून किंवा पत्र्याच्या शेडखाली बसवला, की वरून निघालेली दमट हवा पुन्हा लुव्हरमध्ये ओढली जाते. अशा वेळी टॉवरच्या वाट्याला आलेला वेट बल्ब हा गावाचा नसून त्याने स्वतःच वाढवलेला असतो. लुव्हरजवळ आणि टॉवरपासून दूर मोकळ्या सावलीत असा दोन ठिकाणी वेट बल्ब मोजावा. लुव्हरजवळ तो मोकळ्या जागेपेक्षा एका अंशाहून जास्त आला, तर फिल बदलण्यावर पैसे घालू नयेत, वरचे छप्पर काढावे किंवा टॉवर हलवावा.

मोजणीसाठी दोन सारखे थर्मामीटर पुरतात. एकाच्या फुग्याला पातळ, स्वच्छ मलमल एकपदरी गुंडाळून ती आरओच्या पाण्याने भिजवावी, कारण क्षार साचलेल्या मलमलीने आकडा चढा येतो. दोन्ही सावलीत आणि वाऱ्याच्या झोतात धरावेत. लुव्हरपाशी हवा आपोआपच खेळती असते, मोकळ्या जागी हातपंखा किंवा लहान टेबलपंखा वापरावा. ओल्या थर्मामीटरचा पारा उतरायचा पूर्ण थांबला की, मलमल वाळण्यापूर्वी, आकडा घ्यावा. आम्हाला दूरध्वनी करताना येणाऱ्या पाण्याचे तापमान, जाणाऱ्या पाण्याचे तापमान, लुव्हरजवळचा वेट बल्ब आणि मोकळ्या जागेतील वेट बल्ब, असे एकाच वेळी घेतलेले चार आकडे आणि मोजणीची वेळ सांगावी. मोजणीच्या आधी किमान अर्धा तास मशीन नेहमीच्या भारावर चाललेले असावे.