मध्यस्थीत तडजोड झाली, पण कंपनी पैसे देईना: मुदतीचे पत्र कसे लिहावे

जिल्हा ग्राहक आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले, दोन बैठकांत तडजोड झाली, सह्या झाल्या. मग ठरलेली तारीख उलटली आणि खात्यात पैसे आलेच नाहीत. अशा वेळी बरेच जण पहिल्यापासून नवी तक्रार करायला निघतात. त्याची गरज नसते. पण पत्र लिहायला बसण्याआधी एक कागद हातात आहे का ते बघा: आयोगाचा आदेश.

तडजोडपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की मध्यस्थ आपला अहवाल आयोगाकडे पाठवतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८१ प्रमाणे तो मिळाल्यापासून सात दिवसांत आयोगाने तडजोड नोंदवून आदेश द्यायचा असतो. पुढची सगळी ताकद या आदेशात आहे. कलम ७१ नुसार तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि जिल्हा आयोगाच्या अशा आदेशावर अपीलही होत नाही. तुमच्याकडे फक्त तडजोडपत्राची झेरॉक्स असेल, तर आधी आयोगाच्या कार्यालयातून आदेशाची सत्यप्रत घ्या.

पत्र मूळ तक्रारदाराने स्वतः लिहिले तरी चालते; वकील किंवा स्टॅम्पपेपर लागत नाही. तक्रारदार हयात नसेल तर वारसाने लिहावे. खरे तर दरखास्तीआधी, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीसाठी आयोगाकडे अर्ज करण्याआधी, असे पत्र पाठवलेच पाहिजे, अशी कायद्याची अट नाही. तरी पाठवावे. कधी पैसे नुसते लेखा विभागात अडकलेले असतात आणि तेवढ्यावर सुटतात. नाही सुटले, तरी कंपनीला पुरेशी संधी दिली होती हे कागदावर राहते.

एक उदाहरण घेऊ. मॉड्युलर किचनसाठी आगाऊ ८४,००० रुपये घेऊन काम अर्धवट टाकलेली एक कंपनी. तडजोड ६२,००० रुपयांवर झाली: ३१,००० रुपये ३१ मेपर्यंत, उरलेले ३१,००० रुपये ३० जूनपर्यंत. पहिला हप्ता आला, दुसरा नाही. १० जुलैच्या पत्राचा गाभा असा असेल:

«विषय: तक्रार क्रमांक ... मधील तडजोडीच्या आदेशाचे पालन करणेबाबत.
आयोगाच्या दि. ... च्या आदेशाप्रमाणे आपण मला दि. ३० जूनपर्यंत दुसरा हप्ता रु. ३१,००० देणे होते. आजपर्यंत ती रक्कम जमा झालेली नाही. ती दि. २५ जुलै रोजी सायंकाळी ५ पर्यंत खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास कलम ७१ व ७२ खाली आयोगाकडे अर्ज करीन व त्या खर्चाची मागणी करीन.»

‘लवकरात लवकर’ किंवा ‘पंधरा दिवसांत’ असे मोघम लिहू नका. पंधरा दिवस पत्राच्या तारखेपासून की पोहोचल्यापासून, यावरच पुढे घोळ घातला जातो. बँकेचा तपशील पुन्हा द्या आणि रद्द केलेला चेक जोडा. ‘खाते क्रमांकच नव्हता’ ही सबब आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत नेहमी ऐकू येते.

सगळ्यात मोठी चूक रागाच्या भरात होते. ‘मानसिक त्रासाचे आणखी २५,००० द्या’ अशी ओळ घुसली, की आदेशाबाहेरच्या मागणीवर वाद घालायला कंपनीला आयते निमित्त मिळते. व्याजही तडजोडपत्रात लिहिले असेल तरच मागा. तसेच ‘तुमच्या माणसाने बैठकीत चूक कबूल केली होती’ हे लिहू नका. मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असते. पत्रात फक्त ठरलेल्या अटी याव्यात.

सोबत आदेशाची प्रत, तडजोडपत्र आणि पहिला हप्ता जमा झाल्याचे बँकेचे विवरण जोडा. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पाठवा, नुसते शोरूमला नको. कंपनीच्या वतीने सही करणाऱ्या व्यक्तीला आणि त्यांच्या वकिलांना प्रत द्या. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून खिडकीवर पोहोचपावती आठवणीने मागून घ्या. तेच पत्र ईमेलनेही पाठवा.

मुदतीत दहा हजारच आले तर ते परत करू नका. ‘आंशिक रक्कम मिळाली, २१,००० बाकी’ असे त्याच दिवशी ईमेलने कळवा. ‘पूर्ण रक्कम मिळाली’ अशा कागदावर मात्र पैसे खात्यात दिसेपर्यंत सही नको.

२५ जुलैही कोरडी गेली, तर त्याच आयोगात दरखास्त दाखल करायची. कलम ७१ खाली वसुली होते, म्हणजे कंपनीच्या बँक खात्यावर किंवा मालमत्तेवर जप्ती मागता येते. कलम ७२ खाली शिक्षेची तरतूद आहे: एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पण हा दंड तुमच्या खात्यात येत नाही. पैसे हवे असतील तर कलम ७१ चा अर्ज सोडू नका.