कुत्र्याचा कोपरा आणि पिसवांची अंडी

दोन खोल्यांच्या घरात कुत्र्यासाठी जागा ठरवताना ती कुठे मावेल, हे आपण आधी बघतो. त्याच्याही आधी तो कोपरा सहज धुता येईल का, हे बघायला हवे. कुत्र्याच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात तो त्यांच्या एकूण पसाऱ्याचा अगदी लहान भाग असतो; अंडी, अळ्या आणि कोश हा मोठा भाग कुत्रा जिथे झोपतो तिथे असतो.

पिसूची मादी कुत्र्याच्या अंगावर बसूनच दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालते. ही अंडी जेमतेम अर्ध्या मिलीमीटरची आणि गुळगुळीत असल्यामुळे केसांना चिकटत नाहीत, तर कुत्रा झोपला किंवा त्याने अंग झटकले की खाली पडतात. त्यातून काही दिवसांत निघणारी अळी उजेड टाळत कापडाच्या शिवणीत शिरते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढते. म्हणून कुत्रा कधी पलंगाखाली, कधी सोफ्यावर, कधी देवघराच्या दाराशी झोपत असेल तर अंडीही घरभर होतात. त्याला एकच ठरलेली जागा असली की त्यांतली बरीचशी एका धुता येणाऱ्या कापडावर गोळा होतात, आणि छोट्या घरात कोपरा करण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो.

बडोद्यात दांडिया बाजारातले एक घर धरू. कुत्रा मध्यम चणीचा देशी, आडवा झोपल्यावर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 75 सेंटीमीटर. त्यात वीस सेंटीमीटर मिळवून 95 लांब, 65 रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड फोमची गादी घ्यावी. फोमवर आधी रेक्झिनचे आवरण असावे, म्हणजे लघवी किंवा ओल आत मुरत नाही. त्यावर सुती खोळ हवी. शिवणीसह साधारण 103 बाय 73 सेंटीमीटरचे तुकडे लागतात, तेव्हा डबल बेडच्या एका जुन्या चादरीतून दोन खोळी सहज निघतात, एक वापरात आणि एक धुण्यात. जुन्या साड्यांची गोधडी मऊ असते, पण तिच्या थरांत अळ्यांना लपायला जागा मिळते आणि पावसाळ्यात ती आतून वाळतच नाही. टॉवेलच्या मोकळ्या धाग्यांत नखे अडकतात, तेही टाळावे.

खोळ आठवड्यातून एकदा काढावी. खोलीत झटकू नये. कडा आत दुमडत तिची गुंडाळी करून थेट मोरीत न्यावी. उकळते पाणी आणि तेवढेच नळाचे पाणी मिसळले की साधारण 60 अंशांचे पाणी होते. त्यात साबणाची पूड घालून खोळ काठीने पूर्ण बुडवावी, बादली झाकून अर्धा तास ठेवावी आणि मग चांगली खळबळून काढावी. मे महिन्यात गच्चीवरचे ऊन पुढचे काम करते. श्रावणात मात्र खोळ दोन दिवस दमट राहते, म्हणून ती पंख्याखाली वाळवून वर गरम इस्त्री फिरवावी. रेक्झिन ओल्या फडक्याने पुसावे आणि गादी उचलून खालची लादी, विशेषतः भिंतीलगतची फट, झाडून घ्यावी.

जेवणाची जागा गादीला चिकटून नको, निदान हातभर तरी दूर हवी. पाणी पिताना कुत्रा बरेच सांडतो, आणि हवा कोरडी असली तर ज्या अळ्या मरतात त्या ओलसर कापडात चांगल्या वाढतात. स्टीलचे वाडगे धुता येणाऱ्या रबरी चटईवर ठेवावे. मुंग्यांचा त्रास असेल तर जेवणाचे वाडगे पाणी भरलेल्या परातीत ठेवावे. उरलेला दूधभात मात्र उन्हाळ्यात तसाच पडू देऊ नये.

पिसवा आहेत की नाहीत, हे खोळच सांगते. तिच्यावर मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. नुसती धूळ असेल तर तसा रंग सुटत नाही.

धुण्याला मर्यादाही आहेत. गोचिडीची मादी अंडी घालायला अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत जाते, म्हणून खोळ धुऊन गोचीड आटोक्यात येत नाही. पिसवांसाठीही पशुवैद्याने दिलेले औषध लागतेच, आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचे औषध तिला कधीही लावू नये, कारण त्यातल्या काहींत असणारे परमेथ्रिन मांजरासाठी विषारी असते. औषध सुरू केल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसतात. औषध निकामी ठरले असे समजून ते बंद करू नये. या पिसवा जुन्या कोशांतून बाहेर येत असतात. कोशाच्या चिकट आवरणावर कीटकनाशकाचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे तेवढे आठवडे औषधाबरोबरच खोळ धुणे आणि गादीखालची लादी झाडणे चालू ठेवावे लागते.