भूकंपानंतरच्या अफवा आणि मनाची विसंगती

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतरच्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने टिपून ठेवल्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार, पूर येतोय, वादळ येतंय अशा त्या अफवा. गंमत म्हणजे त्या पसरल्या धक्का जोरात जाणवलेल्या, पण फारशी पडझड न पाहिलेल्या लोकांत. पुढे दार्जिलिंगला दरडी कोसळून प्रत्यक्ष विध्वंस झाला, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांना तिथल्या लोकांत अशा भयंकर अफवा आढळल्या नाहीत.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर हे वाचून अडखळले. घाबरलेला माणूस स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवेल? त्यांनी लावलेला अर्थ असा : छाती धडधडते आहे, पण समोर सगळं शाबूत आहे. हे दोन्ही जुळत नाही. भीती तर जात नाही, मग तिला शोभेल असं संकट माणूस मानून घेतो. याच धाग्यातून १९५७ साली त्यांनी बोधात्मक विसंगतीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धान्त मांडला. मनातल्या दोन गोष्टी, किंवा विचार आणि वागणं, एकमेकांशी जुळेनासे झाले की अस्वस्थता येते आणि ती घालवण्यासाठी माणूस त्यातलं जे बदलायला सोपं असेल ते बदलतो.

लग्नाच्या पंगतीत मधुमेह असलेले काका जिलबी घेतात. ‘साखर आपल्याला वाईट’ हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि जिलबी तर पोटात गेली. झालेलं खाणं परत फिरवता येत नाही, म्हणून विचार हलतो. ‘एकाने काय होतंय?’, ‘उद्या दोन फेऱ्या जास्त मारीन’, ‘आमचे आजोबा रोज गोड खाऊन नव्वदीपर्यंत जगले.’ हे खोटं बोलणं नव्हे, काकांना ते त्या क्षणी खरंच पटलेलं असतं.

१९५९ साली फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी हे प्रयोगात पकडलं. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं, त्यातला अर्धा वेळ खुंट्या पाव-पाव वळणाने फिरवत बसायचं. मग पुढच्या व्यक्तीला ‘काम मजेदार आहे’ असं सांगायला लावलं; काहींना त्याचा एक डॉलर, काहींना वीस. नंतर विचारलं तेव्हा काम जास्त आवडल्याचं एक डॉलरवाल्यांनी सांगितलं! वीस डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं, यांच्याकडे नव्हतं, म्हणून यांचं मतच सरकलं.

यावर डॅरिल बेम यांनी १९६७ साली आक्षेप घेतला : अस्वस्थता वगैरे काही नसेल, माणूस आपलं वागणं बाहेरच्यासारखं पाहून मत ठरवत असेल. मला हा आक्षेप अर्धाच पटतो, कारण काकांच्या सबबी कुणी न विचारताच सुरू होतात. पण सिद्धान्तही निर्धोक नाही. माणसाने स्वतःहून निवड केली असेल तरच मत बदलतं, असं पुढच्या संशोधकांनी मानलं होतं. २०२४ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी ते एकत्रितपणे तपासलं. आपल्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांची मतं सरकली, पण लिहायची मोकळीक होती की सक्ती, याने फरक पडला नाही.