नोंदणी क्रमांक खरा, पण क्यूआर कोड कोणाचा?

"मेसेजमध्ये ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे मदतीचं आवाहन खरंच आहे."

क्रमांकावरून एवढंच कळतं की त्या नावाची संस्था अस्तित्वात आहे. तो गुप्त नसतो. पावतीवर, फलकावर छापलेला असतो, आणि तिथून कोणीही उचलू शकतो. पैसे जातात ते क्यूआर कोडमागच्या खात्यात, म्हणून तपासायचं ते खातं.

समजा, मुठेला पूर आला आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुण्यातल्या एका जुन्या ट्रस्टच्या नावाने आवाहन आलं. कोड स्कॅन करा, पण पिन टाकू नका. त्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. तिथे ट्रस्टऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव असेल तर थांबा. "खजिनदाराचं खातं आहे" हे उत्तर पुरेसं नाही. नोंदणीकृत ट्रस्ट देणग्या स्वतःच्या खात्यात घेतो. नाव जुळत असेल तरी अक्षर न् अक्षर वाचा, कारण फसवणुकीत मिळतंजुळतं नाव वापरतात.

मग ट्रस्टला फोन करा, मात्र मेसेजमधल्या नंबरवर नको, तो उचलणारा "हो" म्हणणारच. नंबर जुन्या पावतीवरून घ्या किंवा थेट कार्यालय गाठा. ट्रस्टचा यूपीआय आयडी त्यांनाच सांगायला लावा आणि कोड स्कॅन केल्यावर दिसणाऱ्या आयडीशी ताडून पाहा.