कांद्याच्या वहीतला विरोधाभास

कांदा महागला की बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘ग्राहकांनी कांद्याकडे पाठ फिरवली.’ जणू भावाबरोबर लोकांची आवडही बदलली. भाव बदलल्यामुळे खरेदी बदलणे आणि आवड बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी नेमके काय घडले असावे हे ग्राहकाला एकही प्रश्न न विचारता, केवळ त्याच्या हिशेबाच्या वहीवरून काही अंशी तपासता येते. ही कल्पना पॉल सॅम्युएलसन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९३८ साली मांडली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मनातील ‘समाधान’ मोजता येत नाही, मग सिद्धांत त्यावर कशाला उभारायचा, असा त्याचा आक्षेप होता. डोळ्यांना दिसतात ते भाव आणि पिशवीतला माल. तेवढ्यावरच त्याने ‘प्रकट पसंती’चा विचार रचला.

समजा, एका घराच्या वहीत कांदे-बटाट्यांच्या तीन महिन्यांच्या नोंदी आहेत. पहिल्या महिन्यात कांदा २० रुपये किलो आणि बटाटा ३० रुपये किलो होता. घरात ५ किलो कांदे आणि २ किलो बटाटे आले, म्हणजे खर्च १६० रुपये झाला. दुसऱ्या महिन्यात कांदा ६० रुपयांवर गेला, बटाटा ३० वरच राहिला. तेव्हा २ किलो कांदे आणि ४ किलो बटाटे आले, आणि खर्च २४० रुपये झाला.

आता दुसऱ्या महिन्याची पिशवी पहिल्या महिन्याच्या भावाने मोजू. २ किलो कांद्यांचे ४० आणि ४ किलो बटाट्यांचे १२० मिळून बरोबर १६० रुपये होतात. म्हणजे ही पिशवी पहिल्या महिन्यातही त्याच पैशांत घेता आली असती, तरी घरच्यांनी दुसरीच निवडली. त्यांनी पहिल्या पिशवीला दिलेली पसंती येथे प्रकट झाली. मग दुसऱ्या महिन्यात ती का सोडली? उलटा हिशेब करून पाहू: पहिली पिशवी नव्या भावाने ३०० अधिक ६०, म्हणजे ३६० रुपयांना पडली असती आणि खर्च तर २४० रुपयेच झाला होता. ती आवाक्यातच नव्हती. कांदे निम्म्याहून कमी झाले, तरी पाठ फिरवण्याचा पुरावा या वहीत नाही.

सॅम्युएलसनचे ‘दुर्बल गृहीतक’, म्हणजे वीक ॲक्झियम, एवढेच सांगते: दुसरी पिशवी परवडत असताना तुम्ही पहिली निवडली असेल, तर पुढे दुसरी निवडाल तेव्हा पहिली परवडणारी असता कामा नये.

तिसऱ्या महिन्यात हा नियम मोडतो. कांदा पुन्हा २० रुपयांवर आला, बटाटा मात्र ४५ झाला. तरी घरात कांदा १ किलो आणि बटाटे ४ किलो आले, खर्च २०० रुपये. ही पिशवी पहिल्या महिन्याच्या भावाने १४० रुपयांची, म्हणजे तेव्हाच्या १६० रुपयांत सहज बसणारी. आणि पहिली पिशवी तिसऱ्या महिन्याच्या भावाने १०० अधिक ९०, म्हणजे १९० रुपयांची, तीही २०० रुपयांत बसणारी. दोन्ही वेळा दोन्ही पिशव्या आवाक्यात होत्या आणि दोन वेळच्या निवडी मात्र एकमेकींच्या उलट झाल्या. स्थिर आवडीचा कोणताही ग्राहक असे करू शकत नाही. तिसऱ्या महिन्याचा खर्च आणि पहिल्या पिशवीची तेव्हाची किंमत यांतला फरक मात्र दहा रुपयांचा, म्हणजे खर्चाच्या पाच टक्के आहे. एवढी ढिलाई दिली तर विसंगती नाहीशी होते, म्हणून अभ्यासक केवळ ‘मोडला’ असे न लिहिता किती मोडला हेही मोजतात.

पण विसंगती का आली, हे हिशेब सांगत नाही. तिसरा महिना कांदेनवमीनंतरचा असेल, तर चातुर्मासात कांदा वर्ज्य मानणाऱ्या घरात असे होणारच. उपवासाला बटाटा चालतो. तेथे ग्राहक गोंधळलेला नसतो, आवड स्थिर असल्याचे आपले गृहीतच चुकते. खरेदीच्या नोंदींवरून ग्राहकाचे मन वाचून दाखवतो असे सांगणाऱ्यांचा दावा म्हणूनच हस्तरेषा पाहणाऱ्याच्या दाव्याइतकाच सावधपणे घ्यावा.

उलट बाजूची फसगत अधिक सूक्ष्म आहे. घरखर्च दरवर्षी इतका वाढत गेला की नव्या वर्षाची प्रत्येक पिशवी जुन्या वर्षी परवडलीच नसती, तर नियम मोडण्याची संधीच उद्भवत नाही. फासे टाकून खरेदी केली तरी वही निर्दोष ठरेल. चाचणीत दम येतो तो एका वेळी कांदा स्वस्त आणि बटाटा महाग, दुसऱ्या वेळी त्याच्या उलट, आणि खर्च साधारण तेवढाच असेल तेव्हा. याखेरीज, दोनच वस्तू असतील तर जोडीजोडीने तपासणे पुरते. तिसरी वस्तू आली की पहिली पिशवी दुसरीहून, दुसरी तिसरीहून आणि तिसरी पहिलीहून पसंत असे चक्र कोणतीही जोडी न बिघडता तयार होऊ शकते. ते पकडण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ हेंड्रिक हाउथाकर याने १९५० साली अधिक कडक नियम दिला, ज्यात पिशव्यांची संपूर्ण साखळी तपासावी लागते.