F1800 कुठून आले? थ्रीडी प्रिंटरच्या G-code मागचा इतिहास

मॉडेलचे थर पाडून प्रिंटरसाठी आज्ञा लिहिणाऱ्या स्लायसरमध्ये पहिल्या थराचा वेग ३० मिमी प्रति सेकंद भरायचा आणि तयार झालेली G-code फाइल नोटपॅडमध्ये उघडली की दिसते `F1800`. आकडा बरोबरच आहे, कारण ३० गुणिले ६० म्हणजे १८००. प्रिंटरला वेग मिनिटाच्या हिशेबाने सांगावा लागतो, आणि ही सवय प्रिंटरची नाही. ती लेथ आणि मिलिंग मशीनकडून आली आहे.

अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या कामात होता. पात्याचा वक्र आकार आकड्यांवरून कापता यावा म्हणून त्याने हवाई दलाच्या पैशातून एमआयटीला या कामात घेतले. १९५२ मध्ये तिथे छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवण्यात आले. अशा मशीनला द्यायच्या आज्ञा म्हणजेच G-code, आणि पुढे त्यांचे RS-274 हे मानक झाले. G म्हणजे हालचालीची तऱ्हा, X-Y-Z म्हणजे जागा, F म्हणजे फीड, म्हणजेच सरकण्याचा वेग, आणि M म्हणजे स्पिंडल, कूलंट यांसारखी बाकीची कामे. पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूरचा व्हीएमसी, म्हणजे आकड्यांवर चालणारे उभे मिलिंग मशीन, चालवणारा ऑपरेटर प्रिंटरची फाइल निम्मी तरी सहज वाचतो, ते यामुळेच.

२००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी खुल्या आराखड्याच्या थ्रीडी प्रिंटरचा रेपरॅप प्रकल्प सुरू केला. त्या मंडळींनी नवी भाषा न घडवता हीच उचलली, पण मिलिंग मशीनला नोझल तापवायचे नसते. मग १०० च्या पुढचे M क्रमांक वापरात आले: `M104` नोझलसाठी, `M140` बेडसाठी. प्लास्टिक ढकलणाऱ्या मोटरला E हे अक्षर देऊन तिला चक्क आणखी एक अक्ष मानले. प्रिंटरच्या आत चालणाऱ्या, २०११ पासूनच्या मार्लिन फर्मवेअरनेही हेच पुढे चालवले. मला यातला E चा निर्णय सगळ्यांत हुशारीचा वाटतो. का, ते खालच्या तुकड्यात दिसते. आधीच्या ओळीत E ४.२ पर्यंत आला होता असे धरा.

```
;LAYER:0
G0 F9000 X50 Y40 Z0.2
G1 F1800 X80 Y40 E5.2
G1 X80 Y70 E6.2
G0 F9000 X55 Y70
G1 F1800 X55 Y45 E7.03
```

`G0` म्हणजे प्लास्टिक न सोडता जागा बदलणे. पहिल्या `G1` मध्ये नोझल X ५० वरून ८० वर, म्हणजे ३० मिमी सरकते आणि E १ मिमीने वाढतो. थर ०.२ मिमी, रेघ ०.४ मिमी रुंद आणि फिलामेंट १.७५ मिमीचे असेल तर ३० मिमी रेघेला साधारण तेवढेच लागते. X, Y, E सगळे एकाच वेळी मुक्कामाला पोचतात. त्यामुळे F बदलला तरी प्रति मिलिमीटर प्लास्टिक तेवढेच पडते आणि E ला हात लावावा लागत नाही. वेग फार वाढवला तर मात्र प्लास्टिक वितळवणाऱ्या हॉटएंडला तेवढे प्लास्टिक वितळवणे जमत नाही, रेघा बारीक पडतात आणि एक्स्ट्रूडर टकटक करू लागतो.

फितीच्या काळातली दुसरी सवय अधिक फसवते. दिलेला F नवा F येईपर्यंत लागू राहतो. चौथ्या ओळीत F नाही, तरी ती १८०० नेच चालते. समजा, पहिला थर नीट चिकटत नाही म्हणून वेग २० मिमी प्रति सेकंद, म्हणजे `F1200` करायचा आहे. पहिलाच `F1800` बदलला तर दोन रेघा सावकाश निघतील आणि शेवटची पुन्हा जुन्या वेगाने. शेवटच्या ओळीतला F खोडून टाकला तर आणखी पंचाईत, कारण ती रेघ ९००० ने, म्हणजे १५० मिमी प्रति सेकंदाने निघेल. म्हणून `;LAYER:0` ते `;LAYER:1` एवढाच भाग निवडून त्यातले सगळे `F1800` बदलावेत. `G1 F2700 E-5` अशी X-Y नसलेली ओळ रिट्रॅक्शनची, म्हणजे प्लास्टिक मागे ओढण्याची असते, तिच्या वाटेला जाऊ नये.

तापमानात घोळ होतो तो `M104` आणि `M109` मध्ये. `M104 S215` लक्ष्य २१५ अंश ठरवते आणि लगेच पुढच्या ओळीवर जाते, तर `M109 S215` तेवढे तापेपर्यंत थांबते. सुरुवातीला थांबणे हवेच असते. पण मधल्या थरात तापमान वाढवताना `M109` घातले तर नोझल वस्तूवरच उभे राहते आणि त्या जागी गोळा येतो. तिथे `;LAYER:` च्या ओळीखाली `M104` लिहावे. नवे तापमान पुढच्या काही रेघांत हळूहळू येते, हे धरून एखादा थर आधी लिहिले तर बरे.

सीएनसीवरून आलेल्या माणसाने एका जागी जपावे. तिकडे प्रोग्रॅम `M30` ने संपवतात. मार्लिनमध्ये `M30` पुढे फाइलचे नाव दिले की ती एसडी कार्डावरून पुसली जाते.